भन्तेजींची पौर्णिमा

नागपूर
२६ नोव्हेंबर

प्रिय वसंता,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण गेले दहा दिवस मी दुसरंच एक पत्र लिहीत होतो. लिहीत कसला, खोडत होतो. माझी एक विद्यार्थिनी परदेशातल्या विद्यापीठात पीएचडीसाठी अर्ज करतेय. विषय आहे नागपुरातल्या भिक्खूंचं जीवन, आणि शिफारसपत्र मागितलंय माझ्याकडे. असली पत्रं मी आजवर पन्नासेक तरी लिहिली असतील. पण या वेळी पहिला मसुदा वाचल्यावर माझीच मला लाज वाटली. अभ्यासू, प्रामाणिक, मेहनती, जिज्ञासू. यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तेच पत्र मी गेल्या वर्षी कापसाच्या भावावर काम करणाऱ्या पोराला दिलं होतं.

मग तिचा एमएचा प्रबंध पुन्हा काढून बसलो. तो वाचताना जे सापडलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतल्या विहारात ती दोन पावसाळे जात होती. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो, भिक्खूने तीन महिने एका ठिकाणी राहायचं. अडलेल्या कामासाठी सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची सवलत आहे, बाकी मुक्काम तिथेच. आपल्याकडे त्या काळात संध्याकाळी विहारात बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं, हे तुला माहीतच आहे. लहानपणी आपणही मागच्या रांगेत बसून पेंगायचो. ही मात्र पेंगली नाही. वाचन सोडून विहारातल्या भिक्खूचा, म्हणजे भन्तेजींचा, बाकीचा दिवस कसा जातो, हे तिने टिपून ठेवलं.

तिच्या लक्षात आलं, की दर पौर्णिमेला आणि अमावास्येला भन्तेजी सकाळीच बस धरून कुठेतरी जातात. कुणाच्या घरी परित्राणपाठ असेल, असं वस्तीतल्या लोकांना वाटायचं. हिने विनय, म्हणजे भिक्खूंच्या आचाराचे नियम, वाचला होता, म्हणून हिला वेगळी शंका आली. त्या दिवशी उपोसथ असतो. भिक्खूंचे २२७ नियम म्हणजे पातिमोक्ख, तो संघासमोर म्हणायचा असतो, आणि त्यासाठी निदान चार भिक्खू लागतात. दोघं-तिघंच असतील तर आपण शुद्ध आहोत असं एकमेकांना सांगायचं. एकटाच असेल तर आज माझा उपोसथ आहे असं मनाशी धरायचं, तेच अधिष्ठान. आपल्या वस्त्यांतल्या बहुतेक विहारांत भिक्खू असला तर एकटाच असतो. आमचे भन्तेजी चौघं जमवायला दुसऱ्या विहारात जायचे, आणि एखाद्या पौर्णिमेला बस मिळाली नाही, ताप आला, की एकट्याने अधिष्ठान करायचे.

वसंता, मी याच गावात तीस वर्षं समाजशास्त्र शिकवतोय. हे मला सुचलं नव्हतं! सगळा विनय संघ गृहीत धरून रचलेला आहे. वर्षावास संपताना पवारणा असते. माझ्या हातून काही चुकलेलं तुम्ही पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, असं भिक्खू इतरांना विनवतो. एकटा माणूस ते कुणाला विनवणार? दुसऱ्या बाजूला, भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस असावा की लोकांचा सेवक, असा प्रश्न बाबासाहेबांनी त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत टाकून ठेवलाय. वस्तीला हवा असतो सेवक, म्हणजे वस्तीत राहणारा, बारशापासून अंत्यविधीपर्यंत हाकेला येणारा. वस्तीत राहिला की तो संघापासून सुटतो. हा ताण पोरीला बसच्या तिकिटात सापडला. शिफारसपत्राचा मधला परिच्छेद आता तोच आहे, विशेषण एकही नाही.

पुढचा परिच्छेद जास्त अवघड गेला. ही मुलगी आहे आणि अभ्यास भिक्खूंचा. निवड समितीत विनय जाणणारा कुणी असेल तर त्याचा पहिला प्रश्न हाच असणार. स्त्रीसोबत आडोशाला एकट्याने बसणं भिक्खूला वर्ज्य आहे. जाणता पुरुष हजर नसेल तर तिला पाच-सहा शब्दांपेक्षा जास्त धम्म सांगणंही दोषात मोडतं. पहिल्या भेटीत हिला हे फक्त पुस्तकात माहीत होतं. दुपारी चार वाजता, संत्रा बर्फीचा डबा घेऊन, हिने थेट भन्तेजींच्या खोलीचं दार वाजवलं. एका फटक्यात दोन चुका, कारण माध्यान्हानंतर भिक्खू जेवत नाही, बर्फीही नाही. भन्तेजी बाहेर आले, डबा अंगणातल्या पोट्ट्यांमध्ये वाटायला लावला आणि म्हणाले, "उद्या सकाळी या, भावाला घेऊन." तेव्हापासून सगळ्या मुलाखती सभागृहात, दारं उघडी, सोबत धाकटा भाऊ नाहीतर विहाराचे एखादे जुने उपासक.

ही बर्फी पत्रात घालावी की नाही, यावर घरात वाद झाला. सुमनचं म्हणणं, शिफारस करताय की चहाडी? मी घातली. चूक कशी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून काय बदललं, हे तारखेसकट तिनेच प्रबंधात लिहिलंय. ते झाकून मी काय मिळवणार?

आणखी एक गोष्ट घातली. तिच्या पहिल्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, कोणते नियम पाळणं जमत नाही? वरवर साधा प्रश्न. पण दुसऱ्या भिक्खूचा गंभीर दोष संघाच्या संमतीशिवाय गृहस्थाला सांगणं हाच भिक्खूसाठी दोष आहे, आणि पातिमोक्ख चालू असताना आपल्यासारख्याला तिथे बसता येत नाही. म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर देणारा अडचणीत, नाहीतर खोटं बोलणार. तिने तो प्रश्न खोडला आणि त्याजागी फक्त कालचा दिवस सांगा असं विचारलं. पौर्णिमेची बस त्यातूनच बाहेर आली. मी पत्रात स्पष्ट लिहिलंय, की उपोसथाच्या आत काय घडतं हे ती पाहू शकणार नाही आणि तसं वचन तिने कुठे दिलेलंही नाही.

तिच्या पालीबद्दल मी लिहिलं नाही. ते पालीच्या मॅडम लिहितील, त्यांना कळतं. फॉर्ममध्ये मात्र एक चौकट आहे, विद्यार्थी वरच्या किती टक्क्यांत बसतो? परीक्षेच्या मार्कांत ती कधी पहिली नव्हती, तिसरी-चौथी असायची. मी वरच्या दहा टक्क्यांवर खूण केली. लेखी पेपरपेक्षा विहारात तिचं काम कितीतरी सरस होतं, हे खाली दोन ओळींत लिहिलं. एक टक्क्यावर खूण केली असती तर बाकीच्या पत्रावर कोण विश्वास ठेवणार?

आता तुझ्याकडे काम. पत्र इंग्रजीत आहे, दोन पानं, सोबत जोडलंय. माझी इंग्रजी तुला ठाऊक आहे. व्याकरण सुधार, पण 'भिक्खू' शब्द आहे तसाच ठेव. त्याजागी 'मंक' घातलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डोंगरावरचा मठ उभा राहतो, आणि आपला माणूस तर कामठी रोडला बसची वाट बघत उभा असतो. शुक्रवारपर्यंत परत पाठव, मंगळवारी शेवटची तारीख आहे.

संत्र्यांची पेटी पाठवतोय. या वर्षी आंबिया बहार बरा आलाय, पण वरच्या थरातली आधी खा, जरा मऊ आहेत.

तुझा,
दिगंबर