फोन पालथा घालू नकोस

कोल्हापूर,
सोमवार, रात्री

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल मिसळ खाताना तुझा फोन ताटाशेजारी तीनदा थरथरला आणि तिन्ही वेळा तू तो पालथा घातलास. तिसऱ्या वेळी त्यावर कट सांडला, तो पुसताना मी नाव वाचलं. तुला नोकरी शोधून देणाऱ्या त्याच कन्सल्टन्सीच्या मॅडम. बाबांसमोर काही विचारलं नाही. सीबीएसवर गाडी सुटता सुटता तूच म्हणालास, "आई, दुसरीकडे हो म्हटलंय, आता ह्यांना कुठल्या तोंडानं सांगू?" उत्तर द्यायच्या आत गाडी हलली. फोनवर सांगितलं तर तू नुसतं हो हो करतोस, म्हणून लिहितेय. पोस्टानं पोचेपर्यंत तुझा मुलाखतीचा शुक्रवार उजाडेल, तेव्हा फोटो काढूनच पाठवते.

शिरोलीच्या फौंड्रीत बावीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडे, माणसं नोकरीला घेणाऱ्यांच्या बाजूला बसले. त्यामुळे त्या मॅडमच्या जागी काय चाललं असेल हे मला दिसतं. तुझा बायोडेटा त्यांनी दोनदा दुरुस्त करून घेतला, रात्रपाळी होती म्हणून मुलाखतीची वेळ बदलून आणली, शनिवारी रात्री तासभर तुझ्याकडून तयारी करून घेतली. पाच आठवडे. याचा त्यांना अजून एक रुपया मिळालेला नाही. आमच्याकडे करार असा असायचा की माणूस हजर झाला की मगच कन्सल्टंटचं बिल लागणार, वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एक महिन्याचा पगार. आणि तो माणूस तीन महिन्यांच्या आत सोडून गेला तर दुसरा फुकट शोधून द्यायचा. माणूस आलाच नाही तर बिलच नाही.

म्हणून तुला अपराधी वाटतंय, ते मला कळतं. पण बाळा, गेलेले पाच आठवडे तू परत देऊ शकत नाहीस. तुझ्या हातात आहेत ते आज ते शुक्रवारपर्यंतचे दिवस. त्यांची किंमत काय असते ते ऐक.

एकदा आम्हाला क्वालिटीला इंजिनिअर हवा होता. एक मुलगा पहिल्या नंबरवर, दुसरा "होल्ड"वर. पहिल्याला दुसरीकडे नोकरी लागली, त्यानं फोन उचलणं बंद केलं. वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, असं पुढे त्यानंच कबूल केलं. आम्ही नऊ दिवस वाट बघितली. दहाव्या दिवशी होल्डवाल्याला फोन केला, तर तो आदल्याच दिवशी गोकुळ शिरगावला एका कारखान्यात हजर झालेला. पहिल्यानं नाही म्हटलं याचा राग कुणालाच नव्हता, तशी माणसं रोज नाही म्हणतात. त्या नऊ दिवसांचा होता. तुझ्यामागेही कुणीतरी होल्डवर बसलेला असणार, आणि तो त्याच मॅडमनी पाठवलेला असू शकतो. तू लवकर सांगितलंस तर त्यांचं बिल अजून वाचू शकतं.

लवकर म्हणजे किती लवकर? सहीचं पत्र हातात आल्याच्या दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत. तुझं ऑफर लेटर गेल्या शुक्रवारी आलं, पद, पगार आणि हजर होण्याची तारीख तिन्ही त्यात आहेत, तू सही करून पाठवलंस आणि त्यांची पोच आली. मग झालं. नुसतं फोनवर "तुमचं नक्की समजा" एवढंच असतं, तर मी तुला थांब म्हटलं असतं. तोंडी शब्दावर हातातलं सोडून बसलेली पोरं मी बघितली आहेत.

उद्या सकाळी दहा-साडेदहाला आधी फोन कर. इतक्या वेळा बोललेल्या माणसाला नुसता ईमेल टाकणं बरं दिसत नाही. पहिल्याच वाक्यात सांग, "मॅडम, मी दुसरीकडची ऑफर स्वीकारली आहे, शुक्रवारच्या मुलाखतीला येणार नाही." हवापाण्याच्या गप्पा आधी नकोत, त्यांना वाटेल वेळ बदलून मागतोयस. फोन ठेवला की अर्ध्या तासात ईमेल कर, कारण त्यांना तो कंपनीला पुढे पाठवावा लागतो. इंग्रजीत तुझं तू लिही, मजकूर एवढाच ठेव:

"विषय: उमेदवारी मागे घेत आहे, सीनियर क्वालिटी इंजिनिअर, (तुझं नाव)

मॅडम, सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे, मी दुसऱ्या एका कंपनीची ऑफर स्वीकारली आहे. त्यामुळे या पदासाठीची माझी उमेदवारी मी मागे घेतो. शुक्रवारी ४ वाजताची मुलाखत कृपया रद्द करावी.

माझ्या रात्रपाळीमुळे तुम्ही दुसऱ्या फेरीची वेळ बदलून घेतलीत आणि शनिवारी उशिरा थांबून तयारी करून घेतलीत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन्ही फेऱ्या घेणाऱ्या साहेबांनाही माझे आभार कळवावेत."

बास. यात "सध्या" हा शब्द घालू नकोस. "सध्या शक्य नाही" म्हटलं की समोरचा पगार वाढवून विचारायला येतो, आणि मग तुला दुसऱ्यांदा नाही म्हणावं लागतं. "घरच्या अडचणीमुळे" तर मुळीच नको. दोन महिन्यांनी तू नव्या कंपनीचं नाव लिंक्डइनवर टाकणार, ते त्यांना दिसणारच. आणि आभार मानताना वेळ बदलून घेतल्याचंच लिही. "आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल" असली पत्रं मी शेकड्यांनी फाईलला लावली, एकही आठवत नाही.

कंपनीला परस्पर लिहू नकोस. मॅडमना कळायच्या आधी कंपनीला कळलं, तर आपल्याच उमेदवाराची खबर नाही म्हणून त्यांची तिथे पंचाईत होईल. शुक्रवारचं कॅलेंडरवरचं आमंत्रण मात्र ईमेल गेल्यावर तूच नाकार, नाहीतर प्लँट हेड चार वाजता लॅपटॉपसमोर बसून राहतील.

त्या विचारतील, कुठे चाललास, किती दिलं. हा त्यांचा धंदाच आहे, राग मानू नकोस. आकडा सांगायची गरज नाही. पण त्यांच्या कंपनीचं काय कमी पडलं ते खरं असेल तेवढं सांग. चाकणला रोजचं जाणं-येणं तुला जड जाणार होतं ना? तेच सांग, पुढचा माणूस शोधताना त्यांना उपयोग होतो. थोडं तुटक बोलल्या तर ऐकून घे. आपण काल तीनदा फोन पालथा घातलाय, एवढं ऐकायला हरकत नाही.

तुझ्या त्या मित्राचं नाव सुचवायचं म्हणालास, चांगलं आहे, पण आधी त्याला विचार. त्याचा नंबर परस्पर देऊन टाकू नकोस.

ईमेल गेला की मला नुसतं "गेला" एवढं कळव. कांदा-लसूण चटणीची बरणी ओट्यावरच विसरलास. शेजारच्या काकांचा मुलगा गुरुवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर देते. त्याचा फोन आला तर उचल.

तुझी,
आई