चार्ज देण्याघेण्याचा अर्धा तास कोणाच्या खिशातून? : कामगार खात्याच्या मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. आम्ही सोलापुरात कारखान्यांची मस्टरं आणि पगारपत्रकं लिहिणारी माणसं. एक जागा दोघींनी वाटून घ्यायची, या व्यवस्थेला आमचा विरोध नाही. घर सांभाळून अर्धा दिवस काम करू शकणाऱ्या बायकांना ती सोयीची आहे. पण मागच्या आठवड्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याने डिस्पॅच कारकुनाची जागा जशी वाटली, ते पाहून गप्प बसवत नाही.

जागा आठवड्याला 48 तासांची, पगार 18,000. सकाळची बाई 9 ते 1:30, दुपारची 1 ते 5:30. मधला 1 ते 1:30 हा चार्ज देण्याघेण्याचा वेळ. म्हणजे प्रत्येकीचे रोज साडेचार तास, आठवड्याचे 27. हिशेबाने प्रत्येकीला 10,125 रुपये मिळायला हवेत. दिले 9,000. कारण काय, तर "एकाच्या जागेचे दोन भाग केले, पगाराचेही दोन भाग." चार्जचा अर्धा तास दोघींकडूनही फुकट. महिन्याचे 1,125 रुपये प्रत्येकीचे गेले.

मालकाचं म्हणणं असं की चार्जचा वेळ म्हणजे गप्पा. साहेब, त्या अर्ध्या तासात काय होतं ते टेबलाशी बसून पाहा. सकाळी पार्टीचा फोन येतो, 40 गाठी आजच पाठवा. सकाळची बाई ई-वे बिलाचा भाग अ भरून ठेवते, पण गाडी येत नाही, म्हणून भाग ब मध्ये गाडी नंबर टाकायचा राहतो. तीन वाजता गाडी लागते. दुपारच्या बाईला हे कोणी सांगितलं नसेल, तर ती त्याच मालाचं दुसरं चलन करून नवं बिल काढते. मग एकाच मालाच्या दोन नोंदी, आणि पहिली निस्तरण्याची धावपळ. चूक दुपारच्या बाईच्या नावावर लागते, कारण दोघी एकाच लॉगिनवर काम करतात. पोर्टलवर प्रत्येकीला वेगळा उपवापरकर्ता काढून देता येतो, तेवढंही केलेलं नाही.

त्यावर उपाय म्हणजे एक वही. काय अडलंय, कोणाशी बोलणं झालं, काय शब्द दिला, कधीपर्यंत. चार रकाने आणि खाली दोघींच्या सह्या. वही लिहायला दहा मिनिटं लागतात, उरलेली वीस मिनिटं गोडाऊनमध्ये जाऊन गाठी मोजून दाखवायला. पंधरा मिनिटांत उरकायला सांगितलं की मोजणी सुटते, आणि घोळ नेमका तिथेच होतो. शिवाय पूर्वी एकटी कारकून अर्धा तास जेवायला उठली की टेबल बंद असे. आता ते 9 ते 5:30 सलग उघडं असतं. मालकाला रोज अर्धा तास जास्तीचा मिळाला, तो मात्र कोणी मोजत नाही.

ओरड झाली तेव्हा कारखान्याने तोडगा काढला. एकीने सोमवार ते बुधवार यायचं, दुसरीने गुरुवार ते शनिवार. भेटच नाही, म्हणजे चार्जच्या वेळेचा पगारही नाही. हे तर जास्त वाईट. आठवड्याला तीन दिवस म्हणजे 26 आठवड्यांचे 78. ईएसआयचा आजारपणाचा भत्ता मिळायला सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी लागते. एक बिनपगारी खाडा पडला की 77, आणि भत्ता बंद. वर्गणी मात्र पगारातून कापलेलीच असते! ग्रॅच्युइटीसाठी वर्षाचे 240 दिवस पाहतात, इथे भरतात 156. तीच बाई रोज साडेचार तास आली असती तर दोन्ही सहज भरलं असतं. काम जवळपास तेवढंच, फक्त वाटणी बदलली.

आम्ही विचारायला गेलो तेव्हा एका कार्यालयात उत्तर मिळालं, "अर्धवेळ आहे ना, मग कुरकुर कसली?" हीच मानसिकता सगळ्या व्यवस्थेत मुरली आहे. सरकार स्वतः अंगणवाडी सेविकेच्या पगाराला मानधन म्हणतं. अंशकालीन हा शब्द आला की हक्कही अंशतःच द्यायचे, असं ठरूनच गेलं आहे. कायदा दिवस मोजतो, मालक तास मोजतो, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत बाई पडते. याची चीड येते, साहेब, फार चीड येते.

आम्हाला भाषण नको, परिपत्रक हवं. वाटून घेतलेल्या जागेत चार्जचा वेळ दोघींच्याही मस्टरवर कामाचा वेळ म्हणून लिहावा आणि नेमणूकपत्रात मिनिटांसकट नमूद करावा. तीन-तीन दिवसांची वाटणी करायची असेल, तर ईएसआय आणि ग्रॅच्युइटीच्या दिवसांचं काय होईल ते कामगाराला आधी लेखी सांगून तिची सही घ्यावी. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने पगारपत्रकाच्या शेजारी ती चार्जची वही ठेवून दोन्हींतल्या वेळा जुळतात का, एवढं पाहावं.

आपले,
सोलापुरातील पगारपत्रक लिहिणारे कारकून