घसादुखी, ताप आणि घरातील ज्येष्ठ: सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांस नमस्कार. ताप, खोकला आणि अंगदुखीसोबत घसा दुखू लागल्यास तो फ्लू असू शकतो असे धरून त्याच दिवसापासून वेगळ्या, हवेशीर खोलीत राहावे. कारण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे साधारण 5 ते 7 दिवस संसर्ग पसरू शकतो. पॅरासिटामॉल न घेता सलग 24 तास ताप नसेल, तरच विलगीकरण संपवावे. गोळीने उतरलेला ताप हिशेबात धरू नये.

समजा, सोमवारी नातवाला ताप आला आणि बुधवारी 72 वर्षांच्या आजींचा घसा खवखवू लागला, तर आजींनी नुसत्या गुळण्यांवर न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण ओसेल्टामिव्हिर हे विषाणूविरोधी औषध पहिल्या 48 तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. ते स्वतःहून मात्र घेऊ नये. ज्येष्ठांना कित्येकदा ताप चढतच नाही. जेवण नकोसे होणे, ग्लानी किंवा बोलण्यातला गोंधळ एवढेच दिसते, आणि घरचे त्याला वयाचा थकवा समजतात, याची आम्हांस विशेष काळजी वाटते. धाप लागल्यास किंवा छातीत दुखल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.