‘अतिरिक्त शुल्क नाही’ हे उत्तर अपुरे आहे

महोदय,

सणासुदीच्या ऑनलाइन सेलच्या पानावर, वस्तूंच्या लांबलचक यादीखाली, ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ या मथळ्याचा एक छोटा भाग असतो. पाच-सहा प्रश्न, प्रत्येकापुढे एक बाण आणि बाणावर बोट ठेवले की उघडणारे एका-दोन ओळींचे उत्तर, असे त्याचे स्वरूप असते. पैसे भरण्याआधी मनात आलेली शंका विचारायला दुकानदार समोर नसतो, म्हणून पुष्कळ ग्राहक, विशेषतः वयस्क माणसे, हीच उत्तरे वाचून निर्णय घेतात. त्यांपैकी बिनव्याजी हप्त्यांविषयीच्या, म्हणजे ‘नो कॉस्ट ईएमआय’विषयीच्या उत्तराबद्दल मला लिहायचे आहे. मी बँकेत नोकरी करून निवृत्त झाले असून सध्या ठाणे पूर्वेला कोपरीत राहते.

आमच्या शेजारच्या काकूंनी दसऱ्याच्या आधी अशाच एका सेलमधून 24,000 रुपयांचे वॉशिंग मशीन सहा हप्त्यांवर घेतले. ‘हप्त्यांवर घेतल्यास जादा पैसे द्यावे लागतात का?’ या प्रश्नाखाली ‘नाही, कोणतेही अतिरिक्त शुल्क नाही’ असे उत्तर त्यांनी वाचले होते. 24,000 भागिले सहा, म्हणजे महिन्याला 4,000 रुपये, असा सरळ हिशेब त्यांनी मनाशी केला होता. पहिले बिल मात्र 4,287 रुपयांचे आले. काकू ते स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे आल्या. त्यात एका खरेदीपोटी पाच ओळी होत्या: मुद्दल, व्याज, व्याजावरील जीएसटी, प्रोसेसिंग फी आणि त्या फीवरील जीएसटी. ‘व्याज नाही म्हणाले होते, मग ही व्याजाची ओळ कशी आली?’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

या योजनेत बँक व्याज सोडत नाही. व्याजाइतकी रक्कम विक्रेता किंवा उत्पादक किमतीतून आधीच वजा करतो आणि बँक उरलेल्या रकमेवर नेहमीच्या दराने व्याज लावते. काकूंच्या कार्डाचा हप्त्यांसाठीचा दर वर्षाला 15 टक्के होता. त्या दराने सहा महिन्यांचे व्याज 1,016 रुपये होते, म्हणून तेवढी सूट देऊन बँकेने 22,984 रुपयांचे कर्ज नोंदवले. मुद्दल आणि व्याज मिळून हप्ता बरोबर 4,000 रुपयांचा झाला. इथपर्यंत जाहिरातीतला शब्द पाळला जातो. परंतु व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि तो सूट ठरवताना धरलेला नसतो. तो सहा महिन्यांत मिळून 183 रुपये होतो. शिवाय बँकेची प्रोसेसिंग फी 199 रुपये होती, जीएसटीसह ती 235 रुपये झाली. म्हणजे एकूण 418 रुपये जादा गेले आणि त्यांतला मोठा भाग पहिल्याच बिलात आला. दुसऱ्या बिलापासून हप्ता 4,043 रुपयांवर येईल आणि पुढे थोडा थोडा उतरत जाईल.

418 रुपये ही रक्कम फार मोठी नाही, हे मला मान्य आहे. त्याच पानावर त्याच कार्डाने पूर्ण रक्कम एकदम भरणाऱ्याला 1,500 रुपयांची तात्काळ सूट होती आणि हप्ते निवडले की ती मिळत नव्हती. काकूंच्या खात्यात पैसे होते. केवळ ‘जादा काही लागत नाही तर एकदम कशाला भरा’ म्हणून त्यांनी हप्ते घेतले. त्यांचा खरा तोटा त्यामुळे 1,918 रुपयांचा झाला. प्रश्नोत्तरांत या दोन सवलतींचा परस्परसंबंध कुठेही सांगितलेला नव्हता.

मला अधिक खटकलेली गोष्ट अशी की, पानाच्या तळाशी ‘अटी व शर्ती’ हा दुवा होता आणि तो उघडल्यावर येणाऱ्या इंग्रजी मजकुरात ‘बँकेची फी व जीएसटी लागू होऊ शकतो’ हे वाक्य होते. म्हणजे माहिती दडवलेली नव्हती, पण मराठी उत्तरात ‘नाही’ आणि इंग्रजी अटींत ‘होऊ शकतो’, अशी स्थिती होती. मराठीत पान वाचणाऱ्या ग्राहकाला अर्धेच उत्तर मिळावे, हे कोणत्याही कारणाने योग्य ठरत नाही.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना कळवले होते की, शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसते आणि अशा योजनांत व्याज पुष्कळदा प्रोसेसिंग फीच्या रूपाने वसूल केले जाते. ई-कॉमर्ससाठीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार पैसे भरण्याच्या उपलब्ध पद्धतींबरोबरच त्यांवर ग्राहकाला द्यावे लागणारे शुल्क सांगणे संकेतस्थळावर बंधनकारक आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत किमतीचे घटक सुरुवातीला न सांगता खरेदी पक्की झाल्यावर उघड करणे हा प्रकारही आहे. फी विक्रेत्याची नसून बँकेची आहे, हे म्हणणे खरे असले, तरी ग्राहकाचा प्रश्न ‘मला किती द्यावे लागेल’ हा असतो, ‘कोणाला’ हा नसतो.

वस्तू परत केल्यास काय होते, याचेही उत्तर ‘पूर्ण पैसे परत मिळतील’ इतकेच होते. प्रत्यक्षात परत येते ती विक्रेत्याला मिळालेली रक्कम, म्हणजे इथे 22,984 रुपये. प्रोसेसिंग फी आणि तोवर लागलेल्या व्याजावरचा जीएसटी सहसा परत येत नाही. पैसे कार्डावर जमा झाले, तरी हप्ते आपोआप थांबले आहेत की नाही, हे बँकेकडे विचारून पाहावे लागते, अन्यथा पुढच्या बिलात हप्ता पुन्हा दिसण्याची शक्यता असते.

या उत्तराला फार जागा लागत नाही. ते असे लिहिता येईल: ‘हप्त्यांचे व्याज आम्ही सूट म्हणून आधीच वजा करतो. मात्र त्या व्याजावरील 18 टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुम्हाला भरावी लागेल. तुमच्या कार्डासाठी ही एकूण रक्कम पैसे भरण्याच्या पानावर दाखवली आहे. एकरकमी पैसे भरल्यास मिळणारी तात्काळ सूट हप्त्यांना लागू नाही. वस्तू परत केल्यास फी व भरलेला जीएसटी परत मिळणार नाही.’ एवढी पाच वाक्ये काकूंनी वाचली असती, तर त्यांनी एकरकमी पैसे भरले असते, असे त्या स्वतःच म्हणाल्या.

आम्ही दोघींनी त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे स्टेटमेंट आणि त्या उत्तराचा स्क्रीनशॉट जोडून तक्रार पाठवली आहे. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे, असा नियम आहे. पोच आली आहे. निवारण न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर जाण्याचे आम्ही ठरवले आहे. स्क्रीनशॉट मात्र काकूंच्या मुलाने खरेदीच्या दिवशी सहज काढून ठेवला होता म्हणून हाती लागला. सेल संपल्यावर ते पान उघडून पाहिले, तर तिथे तो प्रश्नही नव्हता आणि ते उत्तरही नव्हते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी
कोपरी, ठाणे (पूर्व)