‘साठचा चार्जर’ म्हणजे नेमका कितीचा? परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

महोदय, सादर नमस्कार.

हडपसरला माझं इलेक्ट्रिक गाड्या दुरुस्त करण्याचं छोटं दुकान आहे. माझ्याकडे येतात त्या बहुतेक कमी वेगाच्या स्कूटर. ताशी पंचवीसच्या आतल्या, अडीचशे वॅटच्या आतल्या, म्हणजे ज्यांना नंबर प्लेटही लागत नाही आणि लायसनही लागत नाही. त्या तुमच्या खात्याच्या नोंदवहीत नाहीत. माझ्या दुकानाच्या दारात मात्र रोज उभ्या असतात.

चार्जिंगला लावलेली गाडी पेटली की गाडीच्या नावाने चर्चा होते, बॅटरीच्या नावाने होते. भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या काळ्या डब्याबद्दल, म्हणजे चार्जरबद्दल, कुणी फारसं बोलत नाही. म्हणून हे पत्र.

मागच्या उन्हाळ्यात पार्सल पोचवणारा एक मुलगा गाडी घेऊन आला. तक्रार अशी की, “काका, चार्जरचा दिवा आधी रात्रभर लाल-हिरवा, लाल-हिरवा करायचा. आता आठ दिवसांपासून हिरवा राहतो, पण पॅक हाताला गरम लागतो.” गाडी चार वर्षांपूर्वीची, मुळात ॲसिडच्या पाच बॅटऱ्यांवर चालणारी. त्या संपल्या तेव्हा एका दुकानातून त्याने लिथियमचा पॅक बसवून घेतला होता. चार्जर जुनाच ठेवला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, “बॅटरी साठची, चार्जर साठचा. चालतंय.” नव्या चार्जरचे दीड-दोन हजार वाचले.

मी मल्टीमीटर लावला. पॅकवर ६८.९ व्होल्ट. माझ्या पोटात गोळा आला. का, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी गोष्ट याच आकड्यात आहे.

‘साठ व्होल्ट’ हे बॅटरीचं टोपणनाव आहे, माप नव्हे. चार्जर कुठे थांबला पाहिजे हे त्यावरून कळत नाही. ॲसिडच्या बारा व्होल्टच्या पाच बॅटऱ्या पूर्ण भरायला प्रत्येकी साधारण १४.७ व्होल्ट लागतात, म्हणजे एकूण ७३.५. भरल्यावर चार्जर सुमारे ६९ व्होल्टवर येतो आणि तिथेच रेंगाळत राहतो. ॲसिडच्या बॅटरीला असं रेंगाळणं मानवतं. त्या मुलाच्या पॅकमध्ये एनएमसी जातीचे लिथियम सेल होते, एकापुढे एक सोळा जोडलेले. एका सेलची हद्द ४.२ व्होल्ट. सोळा गुणिले ४.२, म्हणजे ६७.२. त्याच्यापुढे एक पाऊलही नाही. आणि त्याचा जुना चार्जर ढकलत होता ७३.५ पर्यंत, म्हणजे सेलमागे जवळजवळ ४.६.

मग पॅक पहिल्याच दिवशी का पेटला नाही? आत बीएमएस नावाची पाटी असते. कुठलाही सेल सव्वाचारच्या आसपास गेला की ती चार्जिंगची वाट तोडते. वाट तुटली की चार्जरला वाटतं बॅटरी भरली, दिवा हिरवा. थोड्या वेळाने सेल किंचित उतरतात, पाटी वाट पुन्हा जोडते, चार्जर पुन्हा ढकलतो, दिवा लाल. तो रात्रभरचा लाल-हिरवा खेळ हाच होता. बीएमएस ही अपघाताच्या वेळी ओढायची साखळी आहे. या गाडीत ती रोज रात्री दहा-वीस वेळा ओढली जात होती. अखेर पाटीवरचा मॉस्फेट, म्हणजे तो वाट तोडणारा खटका, जळून कायमचा जोडलेल्या स्थितीत अडकला. दिवा शांतपणे हिरवा झाला आणि पॅक आठ रात्री सेलमागे ४.३ व्होल्टवर टांगून राहिला. ज्या दिवशी मुलाला वाटलं की चार्जर सुधारला, नेमकं त्या दिवसापासून त्याला थांबवणारं कुणी उरलं नव्हतं.

गाडी तो कुठे लावायचा हे विचारलं. दहा बाय बाराच्या खोलीत, दाराला लागून. आत चौघं झोपायची.

तो पॅक मी दुकानाबाहेर मोकळ्यावर ठेवून हळूहळू उतरवला आणि पुन्हा वापरात घेतला नाही. एकदा असा ताणलेला सेल वरून धडधाकट दिसला तरी आतून दुखावलेला असतो. मुलगा नाराज झाला. त्याची नाराजी मला समजते, त्याचा धंदा त्या गाडीवर होता.

यात आणखी एक गोम आहे. एलएफपी या लिथियमच्याच दुसऱ्या जातीचा साठचा पॅक वीस सेलचा असेल तर त्याची हद्द ७३ व्होल्ट. ॲसिडच्या चार्जरचा आकडा त्याच्या जवळपास येतो, गाडी बरेच दिवस चालते, आणि मग दुकानदार छातीठोकपणे सांगतो की कुठलाही साठचा चार्जर कशालाही चालतो. उलट बाजूने तो एलएफपीचा चार्जर एनएमसीला लावला की झालं. आणि हे सगळं शक्य होतं कारण या बाजारातल्या बहुतेक चार्जरना कॉम्प्युटरला असते तशीच तीन पिनांची टोपी असते. ती कशातही बसते. काहींत तर धन-ऋणही उलटं असतं. गॅसच्या रेग्युलेटरबाबत असलं काही आपण खपवून घेतलं असतं का?

तुमच्या बाजूने सांगायला मुद्दा आहे हे मला ठाऊक आहे. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरना लागलेल्या आगींनंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षिततेचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत सेल, बीएमएस, चार्जर आणि पॅकची रचना यांचे नियम वाढले. कारखान्यातून नवी निघणारी नोंदणीची गाडी त्यामुळे बरीच सुधारली, हे मी रोज उघडून पाहतो आणि मान्य करतो. तिचा चार्जर आणि बॅटरी एकमेकांशी बोलतात, ओळख पटली नाही तर चार्जिंग सुरूच होत नाही. पण तो नियम नव्या गाडीला. चार वर्षांच्या गाडीत गल्लीतल्या दुकानातून बसवलेल्या पॅकला कोण विचारतो?

आता हवा आणि देखरेख. सरकारी पत्रकांत ‘हवेशीर जागी, देखरेखीखाली चार्ज करावे’ असं एक वाक्य असतं. वाक्य खरं आहे, पण त्याने कुणाला काही कळत नाही.

हवा लागते ती मुख्यतः चार्जरला. चारशे वॅट देणारा चार्जर स्वतः पन्नासेक वॅट उष्णता टाकतो, जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. तो डिकीत, गादीवर किंवा रेनकोटखाली ठेवला की आतला पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो, आणि पंख्यात धूळ असेल तर तेही नाही. त्याला कडक जमिनीवर, चारी बाजूंनी मोकळा ठेवायचा. ॲसिडच्या बॅटरीला हवा वेगळ्या कारणाने लागते. जास्त चार्ज झाली की ती हायड्रोजन सोडते आणि बंद खोलीत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. लिथियमबाबत मात्र लोकांची समजूत दुरुस्त करायला हवी. खिडकी उघडी ठेवल्याने लिथियमची आग टळत नाही. तिथे प्रश्न जागेचा आहे: पॅक पेटला तर तुमच्या आणि दाराच्या मध्ये तो आहे की नाही. मार्च २०२२ मध्ये वेल्लोरला घरात चार्जिंगला लावलेली गाडी पेटली आणि वडील व मुलगी धुराने गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या वसईत घरात चार्ज होत असलेल्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला, सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी दगावला. त्या घटनांच्या कारणांबद्दल मी काही म्हणत नाही. जागा आणि वेळ पाहा.

जिन्याखाली तर नकोच. जुन्या इमारतीत जिना एकच असतो.

देखरेख म्हणजे समोर बसून बघणं नव्हे, हिशेब ठेवणं. चोवीस अँपिअर-तासांचा पॅक आणि सहा अँपिअरचा चार्जर असेल तर चार तास, वर शेवटचा सावकाश तास, म्हणजे पाच. सहा तासांनंतरही दिवा लाल असेल किंवा लाल-हिरवा नाचत असेल तर खटका बंद करून गाडी दाखवायला आणावी. गाडी उन्हातून आल्यावर अर्धा तास निवू द्यावी. नेलपॉलिशसारखा गोडसर वास, फुसफुस किंवा पांढरा धूर आला तर काही वाचवायला जाऊ नये, माणसं बाहेर काढावीत, दार लोटून १०१ ला फोन करावा. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा विझते, पण आतला ताप तसाच राहतो आणि पॅक तासाभराने पुन्हा पेटू शकतो. त्याला भरपूर पाणी लागतं, आणि ते काम अग्निशमन दलाचं.

पण जो मुलगा रात्री साडेबाराला घरी येतो आणि सकाळी आठला निघतो, त्याला ‘झोपेत चार्ज करू नका’ सांगणं म्हणजे त्याची चेष्टा आहे. अशांना मी साधा टायमर लावून देतो, पाच तासांनी वीज तोडणारा. तो चुकीच्या चार्जरला बरोबर करत नाही. त्यामुळे योग्य चार्जरलाच दुसरा ब्रेक मिळतो, एवढंच.

म्हणून मागणं थोडकं आहे. पॅक बदलून देणाऱ्या प्रत्येक दुकानाला बिलावर तीन गोष्टी लिहिणं बंधनकारक करा: सेलची जात, एकापुढे एक किती सेल, आणि पूर्ण भरल्यावरचे व्होल्ट. तोच शेवटचा आकडा पॅकवर आणि चार्जरवर ठसठशीत मराठीत. ‘साठ’ नव्हे, ‘६७.२’. जुळणारा चार्जर दिल्याशिवाय पॅक विकता येऊ नये. मे २०२२ मध्ये तुमच्या खात्याने बेकायदा बदल केलेल्या ई-बाइकवर मोहीम काढली होती, तेव्हा वेग आणि मोटर तपासली गेली. पुढच्या मोहिमेत पथकाच्या हातात एक मल्टीमीटर द्या. तीन पिनांच्या टोपीचा विषय केंद्राचा आहे, पण हलक्या गाड्यांच्या चार्जिंग जोडणीसाठी भारतीय मानक ब्युरोने, म्हणजे बीआयएसने, २०२३ मध्ये मानक काढलेलं आहे. ते कमी वेगाच्या गाड्यांना आणि बदली पॅकना सक्तीचं व्हावं असं राज्याने लिहावं. आणि नगरविकास खात्याशी बोलून जिथे पार्किंगच नाही अशा वस्त्यांत उघड्यावर, छपराखाली, मीटर लावलेले चार-सहा पॉइंट द्या.

हे टेबलावरचं बोलणं वाटत असेल तर अधिकारी पाठवा. माझ्याकडे ‘६० व्होल्ट’ एवढंच लिहिलेले पाच चार्जर काढून ठेवलेत, गिऱ्हाइकांकडून मागून घेतलेले. एकेक मोजून दाखवतो. त्यांतले दोनच एकसारखे आहेत. गाड्यांची चाचणी करणाऱ्या एआरएआय संस्थेचे लोक कोथरूडलाच बसतात, त्यांनाही सोबत आणलंत तर चहा माझ्याकडे.

आपला,
हडपसरचा एक इलेक्ट्रिक गाडी दुरुस्तीवाला