मागच्या प्लॉटधारकाचा रस्ता बंद करण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : उत्तरेकडील पट्ट्यावर भिंत बांधण्याचा ठराव

महोदय,

मागच्या प्लॉटचे मालक आपल्या पट्ट्यातून गाडी नेतात. 'वीस वर्षं झाली, वहिवाट लागली' असं ते म्हणतात आणि समितीतले काही जण म्हणतात, 'उद्याच भिंत घाला'. मला दोन्ही पटत नाही.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 प्रमाणे 20 वर्षांच्या वापराने हक्क मिळतो, पण तो वापर उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून झालेला असावा लागतो. 2003 च्या सभेच्या इतिवृत्तात त्यांनी अर्ज केल्याची आणि आपण परवानगी दिल्याची नोंद आहे. परवानगी मागून केलेला वापर हक्काचा होत नाही, मग तो कितीही वर्षं चालो. हे इतिवृत्त आपला मुख्य पुरावा आहे, ते आधी जपून ठेवा.

वहिवाटीचा हक्क जमिनीला चिकटलेला असतो. प्लॉट विकला, तरी तो नव्या मालकाकडे जातो. परवानगी त्या व्यक्तीपुरतीच असते आणि देणाऱ्याला ती सहसा मागे घेता येते. इथेच खरी अडचण आहे. परवानगीच्या भरवशावर कुणी स्वतःच्या खर्चाने पक्कं बांधकाम केलं असेल, तर कलम 60 नुसार ती काढून घेता येत नाही. त्या पट्ट्यावरचं काँक्रीट कोणी घातलं आणि पैसे कोणी दिले? माझ्या मते सगळं प्रकरण या एका बिलावर ठरेल.

त्यांचे वकील आणखी एक मुद्दा काढतील. दोन्ही प्लॉट पूर्वी एकाच मालकाचे होते आणि विभागणीच्या वेळी मागच्या प्लॉटला दुसरी वाट नव्हती. अशा वेळी लेखी करार नसतानाही गरजेपोटी वाटेचा हक्क निर्माण होतो, पण गरज संपली की तो संपतो. आता त्यांच्या पुढच्या बाजूने सार्वजनिक रस्ता झाला आहे, तेव्हा हा मुद्दा टिकू नये. मात्र 2003 पूर्वीच वापराची 20 वर्षं पूर्ण झाल्याचं त्यांनी दाखवलं, तर उत्तर इतकं सोपं नाही. तसा हक्क नव्या रस्त्यामुळे जात नाही. मालकाने तो सोडून दिला, दोन्ही जमिनी एकाच्या पूर्ण मालकीच्या झाल्या किंवा 20 वर्षं कोणी त्या वाटेने गेलंच नाही, अशा कारणांनी तो संपतो. यातलं इथे काहीच घडलेलं नाही. म्हणून जुन्या रहिवाशांकडून आधीच्या वापराची माहिती लेखी घ्यावी.

नुसती परवानगीच होती असं दिसलं, तरी ती रद्द करताना त्यांना गाड्या आणि सामान हलवायला वाजवी मुदत द्यावी लागेल.

तोवर भिंतीचं काम थांबवावं, आणि काँक्रीटच्या खर्चाचं व्हाउचर खजिनदारांनी पुढच्या सभेत आणावं, ही विनंती.

आपला,
एक सभासद