मिनिमम बॅलन्सची सूट दुकानदाराला कुठे आहे?

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या अंकात मिनिमम बॅलन्सची बातमी वाचली आणि रात्री दुकान बंद करून हे पत्र लिहायला बसलोय. बँकांनी दंड बंद केला इथपर्यंत ठीक आहे, पण शेवटी "छोट्या व्यापाऱ्यांनाही यामुळे दिलासा मिळाला आहे" असं जे वाक्य तुम्ही छापलंय ते कुणाला विचारून छापलं? सकाळपासून आमच्या ऐरोलीच्या गल्लीतले तीन-चार दुकानदार पेपर हातात घेऊन आले की बघा आता आपला दंड बंद. नाही झालेला. तो सेव्हिंग्ज अकाउंटचा बंद झालाय. स्टेट बँकेने २०२० लाच केला होता, कॅनरा, पीएनबी, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनी २०२५ च्या जून-जुलैत केला, आणि सगळं नेहमीच्या सेव्हिंग्ज खात्यांपुरतं. दुकानाचं खातं करंट असतं, आणि करंटला यातलं काहीही लागू नाही.

कुणी म्हणेल मग दुकानाचं पण सेव्हिंग्जच ठेवा की. ठेवता येत नाही हो. धंद्याच्या नावाने सेव्हिंग्ज अकाउंट उघडायला रिझर्व्ह बँकेचीच मनाई आहे, मग धंदा एकट्याच्या मालकीचा असो नाहीतर भागीदारीतला. आणि स्वतःच्या नावाच्या सेव्हिंग्जवर क्युआर लावून रोज पन्नास-साठ लोकांचे पैसे यायला लागले की ब्रांचमधून फोन येतो, हे खातं धंद्याला वापरताय, करंट उघडा. माझं तसंच झालं. दुकान तेच, वह्या-पेनं आणि झेरॉक्स, पण खात्याचं नाव बदललं आणि नियम सगळे बदलले.

आता माझ्यासोबत काय झालं ते सांगतो, कारण बातमीत एकाही दुकानदाराचं स्टेटमेंट उघडून बघितलेलं दिसत नाही. बँकेचं नाव लिहीत नाही, बँका सगळ्या थोड्याफार अशाच आहेत. खातं उघडताना सांगितलं, साहेब सगळ्यात खालचा टियर आहे, पंचवीस हजार ठेवा म्हणजे झालं. मी ठेवले. आणि पुढे सप्टेंबरच्या हिशोबाचा मेसेज आला, मिनिमम बॅलन्स न राखल्याबद्दल ७५० रुपये अधिक जीएसटी. म्हणजे १८ टक्के धरून १३५ वरचे, एकूण ८८५ रुपये कापले. ब्रांचला गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली ॲव्हरेज आलं नाही. कसलं ॲव्हरेज ते तिलाही नीट सांगता येईना, शेवटी तिथल्याच एका जुन्या ऑफिसरने कागदावर मांडून दाखवलं.

ते असं असतं. दिवसभरात खात्यात किती होते याला काही किंमत नाही, रात्री दिवस बंद होताना जो आकडा उरतो तोच धरतात. महिन्याच्या सगळ्या रात्रींचे आकडे बेरीज करायचे आणि दिवसांनी भागायचं. माझे गोल आकडे घ्या. पहिल्या दहा रात्री ४०,००० होते, म्हणजे चार लाख. मग दिवाळीच्या चोपड्या आणि डायऱ्यांसाठी डिस्ट्रिब्युटरला २६,००० चा चेक दिला, उरलेल्या वीस रात्री १४,००० राहिले, म्हणजे दोन लाख ऐंशी हजार. एकूण सहा लाख ऐंशी हजार, भागिले तीस, आले २२,६६७. पंचवीसला २,३३३ कमी पडले. एवढ्यासाठी ८८५ रुपये!

आणि यातली खरी मेख पुढे आहे. ऑफिसरने स्टेटमेंट बघून विचारलं, तुमचा क्युआर कुठला? मी बाहेरच्या ॲपचा लावलाय, त्याचे पैसे दिवसभर त्यांच्याकडे जमतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकरकमी माझ्या खात्यात सेटल होतात. माझं क्युआरचं कलेक्शन दिवसाला साधारण तीन हजार. म्हणजे रोज रात्री बँक माझं खातं मोजते तेव्हा त्या दिवशीचे तीन हजार त्यात नसतातच, गिऱ्हाइकाने दिलेले असतात, स्पीकरने ओरडून सांगितलेलं असतं, पण खात्यात नाहीत. ते त्याच रात्री आले असते तर माझं ॲव्हरेज २५,६६७ झालं असतं आणि दंड बसलाच नसता. एका रात्रीचा उशीर, बाकी काही नाही. पैसे माझे, ते मला मिळायचे हे नक्की, आणि तरी दंड मलाच. हे खातं उघडताना सांगायला कुणाचं काय जात होतं? ज्यांचा क्युआर असा दुसऱ्या दिवशी सेटल होतो त्यांनी आज रात्री आपलं ॲप उघडून सेटलमेंटची वेळ बघावी, काही ॲपमध्ये त्याच दिवशी सेटलमेंटची सोय असते, काही त्याचे पैसे घेतात, ते विचारून मग ठरवावं.

आता सेव्हिंग्जला काय नियम आहे बघा. रिझर्व्ह बँकेचं २०१४ च्या नोव्हेंबरचं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. बॅलन्स कमी पडला तर बँकेने आधी कळवायचं, भरून काढायला एक महिना द्यायचा, जेवढा कमी पडला त्या प्रमाणातच दंड घ्यायचा, आणि नुसत्या दंडापायी खातं मायनसमध्ये न्यायचं नाही. किती सरळ आहे! पण त्या परिपत्रकावर सेव्हिंग्ज बँक अकाउंट असं लिहिलंय, करंट नाही. म्हणून माझे २,३३३ कमी पडले काय आणि शेजारच्याचे अख्खे वीस हजार कमी पडले काय, आमच्या टियरला दंड तोच ७५०. आधी मेसेज नाही, महिन्याची मुदत नाही. मला महिन्याच्या पंचवीस तारखेला जरी कळवलं असतं तरी सावरता आलं असतं, कारण कमी पडलेली एकूण बेरीज सत्तर हजार होती, शेवटच्या पाच रात्री चौदा-चौदा हजार जास्त ठेवले असते की संपलं. घरच्या सेव्हिंग्जमधून पाच दिवसांसाठी इकडे टाकून परत नेले असते. बँकेच्या कॉम्प्युटरला हा आकडा रोज माहीत असतो, फक्त खातेदाराला सांगायचा नसतो.

आणि हे पंचवीस हजार असेच पडून राहतात, करंटला व्याज नसतं. आमच्या लाइनमध्ये माल उतरवताना रोख पैसे दिले तर डिस्ट्रिब्युटर दोन टक्के सोडतो. पंचवीस हजारावर पाचशे रुपये झाले, एका फेरीचे. म्हणजे बॅलन्स ठेवला तर हे जातात आणि नाही ठेवला तर ८८५ जातात.

दुसरी गोष्ट रोख भरण्याची, तीही बातमीत नाही. युपीआयने गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायला दुकानदाराला चार्ज नाही, २०२० पासून नाही, ते बरोबर. पण झेरॉक्सवाल्याकडे आणि दूधवाल्याकडे अजून भरपूर रोख येते. आमच्या टियरला महिन्याला दहा वेळा किंवा दोन लाखापर्यंत रोख भरणं फ्री, यातलं जे आधी संपेल ते. हे "जे आधी" लोक वाचत नाहीत कारण ते शेड्यूल ऑफ चार्जेसमध्ये खाली बारीक अक्षरात असतं. समजा एक दूधवाला गल्ल्यात रोख नको म्हणून रोज सहा हजार मशीनमध्ये भरतो. महिन्यात चोवीस वेळा भरले तर एक लाख चव्वेचाळीस हजार, दोन लाखाच्या बरेच आत. पण अकराव्या वेळेपासून प्रत्येक भरण्याला चार्ज सुरू. हजाराला चार रुपये, म्हणजे सहा हजाराला चोवीसच व्हायला हवेत, पण कमीत कमी पन्नास असं पुढे लिहिलेलं असतं, त्यात जीएसटी, एका वेळेला ५९ रुपये. चौदा वेळेचे ८२६. तेच पैसे आठवड्यातून दोनदा भरले असते तर एक रुपया लागला नसता. मशीनमध्ये भरले म्हणून मोजत नाहीत असं बऱ्याच जणांना वाटतं, आमच्या बँकेत मशीनचं भरणं पण मोजलं जातं, तुमच्या बँकेत काय आहे ते विचारून घ्या. रोज भरणारा माणूस व्यवस्थित माणूस असतो, चोरीच्या भीतीने भरतो, त्यालाच हा भुर्दंड.

आणि जाता जाता, ज्या पानावर तुमची बातमी होती त्याच पानावर खाली "झिरो बॅलन्स करंट अकाउंट"ची पाव पान जाहिरात आहे. शून्याच्या डोक्यावर चांदणी आहे. मी चष्मा लावून चांदणीखालचं वाचलं, अटी व शर्ती लागू एवढंच. आमच्या बँकेतही असं झिरोचं खातं आहे आणि त्याची अट अशी की दर महिन्याला ठरावीक रकमेचं कलेक्शन त्यांच्याच क्युआरवर किंवा त्यांच्याच स्वाइप मशीनवर आलं पाहिजे. बाहेरच्या ॲपच्या क्युआरने त्याच खात्यात कितीही आले तरी ते त्या अटीत धरत नाहीत, आणि अट चुकली की त्या महिन्याचा चार्ज. शिवाय स्पीकरचं भाडं वेगळं. अशी जाहिरात घेताना निदान अट वाचता येईल एवढ्या अक्षरात छापा असं तुम्ही त्यांना सांगू शकता ना?

माझी मागणी काही मोठी नाही. एकट्याच्या मालकीच्या छोट्या दुकानांच्या करंट खात्यांना तो २०१५ चा नियम लावा, आधी कळवा, महिना द्या, जेवढं कमी तेवढाच दंड घ्या. यावर लिहा, रिझर्व्ह बँकेपर्यंत जाऊ द्या. आणि काही बँकांमध्ये महिन्याऐवजी तिमाहीचं ॲव्हरेज धरणारं खातं मिळतं, आमच्यासारख्या सीझनच्या धंद्याला ते बरं पडतं, जूनमध्ये शाळा उघडल्या की आलेला पैसा त्याच तिमाहीतल्या एप्रिल-मेचा खड्डा भरून काढतो. मी त्यासाठी अर्ज दिलाय, ८८५ परत मागणारी लेखी तक्रारही दिलीय आणि पोच घेतलीय. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार.

कालच्या बातमीतलं ते वाक्य मात्र उद्याच्या अंकात दुरुस्त करा, त्याच पानावर, कारण आमच्या गल्लीत लोकांनी बॅलन्स काढून मालात घालायला सुरुवात पण केलीय.

आपला,
एक स्टेशनरी दुकानदार, ऐरोली